पुडीत नसलेलं पाणी

माझा स्वभाव किरकिरा. घरचे सांगतात, आणि ते खरंच आहे. भाजीवाल्याची तागडी एका बाजूला झुकलेली दिसली की मी ती सरळ करायला लावतो. हा किरकिरेपणा मला दवाखान्यात कामाला आला. सत्तरचं दशक सरत आलं होतं, आणि कराड-सांगलीच्या मधल्या पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी कंपाउंडर होतो. औषध बनवायचं, बाटलीला कागदाची खूण लावायची, पुड्या बांधायच्या. लोक मला कंपाउंडरसायब म्हणत, आणि मी ते ऐकून घेई.

त्या हिवाळ्यात आमचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक नवं शिकून आले. हगवणीनं सुकलेल्या पोराला दर वेळी सलाइन लावायला नको, मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजलं तरी चालतं. पुड्या वरून येईपर्यंत आपणच बनवू, म्हणाले. लिटरभर पाण्याला साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि वीस ग्रॅम ग्लुकोज.

मी म्हणालो, "डॉक्टर, मीठ-साखरच तर आहे. साडेतीनच्या जागी चार झालं तर काय बिघडणार?" खरं तर मला त्यांच्या तोंडून हे ऐकायचं होतं की मोजणं महत्त्वाचं आहे. असं कुणी म्हटलं की मला बरं वाटे.

ते टेबलाच्या कडेवर बसले. आतड्याच्या भिंतीत मिठाला आत घेणारी एक वाट असते, म्हणाले, पण त्या वाटेनं मीठ एकटं जात नाही, ग्लुकोजची सोबत लागते. ग्लुकोजलाही मिठाची सोबत लागते. दोघं बरोबर आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. हगवणीत बाकीचं कितीही बिघडलं तरी ही वाट बहुतेक उघडी राहते. म्हणून नुसत्या मिठाच्या पाण्यानं भागत नाही, नुसत्या साखरेच्या पाण्यानंही नाही.

"मग दोन्ही जास्त टाकलं तर जास्त पाणी आत जाईल," मी म्हणालो.

"तिथंच मेख आहे. तुमच्या घरी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात तेव्हा काय होतं?"

"पाणी सुटतं."

"कुठून सुटतं? फोडीतून. बाहेर खारट झालं की आतलं पाणी बाहेर येतं. आतड्यातलं पाणी रक्तापेक्षा फार घट्ट झालं की रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. पोर आणखी सुकतं, हगवण वाढते. वरून जास्तीचं मीठ रक्तात चढतं, ते मेंदूला भोवतं. हे माप रक्ताच्या घट्टपणाच्या जवळ ठेवलंय."

मला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी उजेडात, काचेच्या पेटीतल्या छोट्या तराजूवर मी पहिल्या चाळीस पुड्या तोलल्या. पितळी वजनं चिमट्यानं उचलायची, बोट लावायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर धरून बंद केली. लिटर कुणाला कळणार, म्हणून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांवर पाचशेच्या रेघेला चिकटपट्टी लावली. दोन बाटल्या, एक पुडी. डॉक्टरांनी तराजूकडं बघून मान हलवली. मी दिवसभर फुगून होतो.

गुऱ्हाळांचे दिवस होते. माळावरून उतरलं की नदीकाठापर्यंत जागोजाग धूर दिसे. एके दिवशी सकाळी एक गुळव्या बायको-मुलीला घेऊन आला. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा मुख्य माणूस. रस किती उकळायचा, मळी कधी काढायची, काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, चुलवणावरून कधी उतरवायची हे त्याच्या नजरेवर ठरतं. ह्याच्या हातचा गूळ सांगलीच्या बाजारात ओळखून घेतात, असं रांगेतलेच लोक सांगत होते. मुलगी सव्वा वर्षाची. दोन दिवस पाण्यासारखं होत होतं. डोळे खोल गेलेले, पण शुद्धीत होती, चमचा तोंडाशी नेला की ओठ पुढं करत होती.

डॉक्टर म्हणाले, सुई नको, पुडी. माठातल्या उकळून गार केलेल्या पाण्यात मी एक पुडी कालवली आणि तिच्या आईला व्हरांड्यात बसवून चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितलं. दुपारपर्यंत पोरीनं आईच्या लुगड्यावर शू केली. आई हसली. गुळव्या माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आवं सायब, ही तर जादू हाय."

"जादू कसली, वजन आहे ते," मी म्हणालो.

मी त्यांना दोन पुड्या आणि खुणेची बाटली दिली. रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. मी घाईत जे वाक्य बोललो ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. "ह्या खुणेपर्यंत दोन बाटल्या पाणी मोजून घ्या, त्यात एक पुडी टाका, आणि पाणी उकळलेलं पाहिजे, कच्चं नको."

त्यानं मान डोलावली. मोजायचं, टाकायचं, उकळायचं. त्याचा तर तो धंदाच होता.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी दोघं पोरीला घेऊन धावतच आले. पोरगी किंचाळत होती. त्या किंचाळण्यात रडणं नव्हतं, नुसता बारीक, ताणलेला आवाज. जीभ कोरडी ठणठणीत. डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सुकलेल्या पोराची कातडी तशीच उभी राहते, हिची राहिली नाही. मळलेल्या कणकेसारखी लागत होती. डॉक्टर बुचकळ्यात पडले.

"पुड्या पाजल्या का?"

"दोनीबी," आई म्हणाली. "लय आवडीनं पितीया. मागून मागून पितीया. तरी हागवण थांबंना."

गुळव्यानं धोतराच्या सोग्यात धरून आणलेला पितळी तांब्या पुढं केला. तळाला थोडं उरलं होतं. मी तो उजेडात धरला. पाण्याचा रंग पिवळट तांबूस होता. ग्लुकोज आणि सोडा एकत्र तापवला की असा रंग चढतो. मी बोट बुडवून जिभेला लावलं. माझ्या पुडीची चव मला माहीत होती, डोळ्यातल्या पाण्याहून खारट ती लागत नाही. हे मिठागरासारखं होतं.

"हे चुलीवर ठेवलं होतं?" मी विचारलं.

"व्हय. तुमी म्हनला तसंच. दोन बाटल्या मोजून घेतल्या, पुडी टाकली, आन् चुलवणाच्या कडंला ठिवलं. निम्मं हुईस्तवर आटवलं. रंग आला तवा उतरवलं." त्याचा आवाज जरा खाली आला. "पोरगी लय अशक्त झालीया. पातळ पाण्यानं काय व्हनार? आटलं की सत्व उतरतं त्यात."

वाफेबरोबर फक्त पाणी जातं. मीठ जात नाही, साखर जात नाही. माझी मापं एका कणानंही कमी झाली नव्हती, फक्त ती निम्म्या पाण्यात उभी होती. रक्ताच्या दुप्पट घट्ट. पोरीला तहान लागत होती ती त्या मिठानंच, आणि तहान लागली म्हणून तिला तेच पाजलं जात होतं. अंगावरचं दूध घरी पोरीच्या आजीनं दोन दिवस बंद केलं होतं. साधं पाणी कुणी दिलं नाही, औषध असताना साधं पाणी कशाला.

 मला वाटलं होतं डॉक्टर माझ्यावर ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोरीला आईच्या छातीशी लावायला सांगितलं, साधं उकळून गार केलेलं पाणी थेंबाथेंबानं द्यायला सांगितलं, आणि सांगलीला न्यायची तयारी केली. आमची जीप त्या दिवशी शिबिराला गेलेली. गुळाच्या ढेपा घेऊन निघालेला एक ट्रक गुळव्यानंच थांबवला. पुढं ड्रायव्हरशेजारी आई आणि पोरगी, मागं ढेपांवर गुळव्या आणि मी. वाटेत तो एकदाच बोलला. "सायब, बरी हुईल न्हवं?" मी म्हणालो, "होईल." माझा त्यावर विश्वास नव्हता.

सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमची चिठ्ठी वाचली आणि सलाइन अगदी सावकाश लावलं. घाईनं पाणी भरलं तर सुकलेला मेंदू एकदम सुजतो, म्हणून सावकाशच भरायचं. त्यांनी सगळं बरोबर केलं. पहिला झटका संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन आले. त्यानंतर ती किंचाळायची थांबली, आणि आईला वाटलं आता बरं वाटतंय. दुपारी जेवणाच्या वेळेला ती गेली.

मी तिथंच होतो. मला परत यायला हवं होतं, पण पाय निघेना. दवाखान्याच्या मागं पाण्याच्या नळाशी गुळव्या उभा होता. तो रडत नव्हता. त्यानं मला बोलावलं.

"सायब, खरं सांगा. पुडीत काय खोट व्हती का?"

ह्या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. मी सांगायला हवं होतं की पुडीत खोट नव्हती, माझ्या बोलण्यात होती. आधी पाणी उकळा, गार करा, मग पुडी टाका, आणि मग चुलीजवळही नेऊ नका, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? आणि गूळ आटवणाऱ्या माणसाला उकळायला सांगितलं तर तो काय करील, हे कळायला फार शहाणपण लागत नव्हतं. मी त्या पट्ट्यातच वाढलो होतो. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "पुडी बरोबर होती. वजन मी स्वतः केलं होतं."

 डोकं मंद नव्हतं त्याचं, आटवल्यानं पाण्याचं काय झालं ते त्याला कळलं. पायरीवर त्याची बायको रिकाम्या मांडीनं बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. आदल्या दिवसापासून ती तसंच बघत होती. तो तिच्याकडं गेला, तिच्यासमोर खाली बसला, आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "ह्येंचं काय चुकलं न्हाई गं. म्याच आटवलं."

मी तिथं उभा होतो, आणि मी त्याला ते म्हणू दिलं.