स्कूटर नसलेला फोटो

शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या धाकटीने फोटो रिटच करणाऱ्या स्टुडिओला पत्र लिहिलं, ‘फोटोतून नको असलेली वस्तू काढण्यात माझा हातखंडा आहे. नमुने सोबत.’ त्यातल्या घरासमोरच्या एका फोटोतून तिने बाबांची स्कूटर काढली होती, जमिनीवरच्या सावलीसकट आणि खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबासकट.

स्टुडिओच्या मालकीणबाईंचा फोन आला. “अहो, हे तर साधेच फोटो आलेत. नमुने जोडायचे राहिले वाटतं?”

धाकटीने कपाळावर हात मारला. तुलनेसाठी मूळ फोटो जोडायलाच ती विसरली होती. तिने ते लगेच पाठवले. बाईंनी दोन्ही फोटो ताडून पाहिले, मग म्हणाल्या, “सोमवारी या.”

बाबा मात्र पत्र वाचून फुरंगटले होते. “नको असलेली वस्तू म्हणे. सोमवारी तिच्यावरच बसून जाशील ना?”