नळवाल्याचं शेवटचं सिंक

ते भांडण मी मुद्दाम ऐकलं नाही. आमच्या नळवाल्याचं आणि त्याच्या लेकीचं, जिन्यातच चाललं होतं. कान काय कापून ठेवायचे?

"बाबा, डोळे अधू झालेत तुमचे. हत्यारांची पिशवी द्या आता माझ्याकडे."

"तीस वर्षं अंधारात नट आवळलेत मी. डोळे लागतात कुणाला?"

"मग मागच्या महिन्यात खालच्या बाइंडरची वह्यांची थप्पी कशानं भिजली? घामानं?"

आमचा नळवाला म्हणाला, "मावशींच्या सिंकचं काम तेवढं करू दे. एक थेंब पडला तर पिशवी तुझी."

झालं! बिचाऱ्याची उभी हयात माझ्या सिंकखाली येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. लेकही त्याच कामात तरबेज. पण हात मागे बांधून उभी राहिली. तो रबराचे हातमोजे चढवून, आडवा होऊन सिंकखाली शिरला. सिंकच्या नळीला वाकडा पाइप जोडला. त्या बाकात पाणी साचून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही, हे मला त्यानंच शिकवलेलं. बाकापासून भिंतीपर्यंतच्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार दिला, पट्टी लावून लेकीला दाखवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. तोंडातून शब्द उपसून काढावा तशी.

नट हातानंच आवळले, वर पान्यानं जरासा पीळ. नळ सोडला. सगळं कोरडं. तो हसला.

"नुसत्या धारेनं काय कळतं, बाबा? सिंक भरा."

बूच लावून सिंक काठोकाठ भरलं. लेकीनं खाली बादली सरकवली. बूच उपसलं तसं पाणी घुर्रकन उतरलं. त्यानं प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावला. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. माझा जीव टांगणीला. भिंतीजवळचा कागद ओला झाला, आणि बादलीत टप्प वाजलं.

 त्यानं नट सोडवला, मोजा काढून जोडातलं रबरी वायसर अंगठ्यानं चाचपलं. त्याची निमुळती कड जोडाच्या तोंडात जायला हवी, ती नटाकडे झाली होती; वायसर उलटं बसलं होतं.

"रबराचे हातमोजे घातलेले," मी आपलं मध्ये तोंड घातलं. "त्यात कड कशी लागणार हाताला?"

"मोजे मीच घातलेत ना, मावशी?" म्हणाला. वायसर सुलटं बसवलं, पुन्हा सिंक भरून सोडलं, कागद कोरडा निघाला. मग त्यानं पाना पुसला, पिशवीत ठेवला आणि पिशवी लेकीच्या खांद्याला अडकवली.

"जड आहे, बाई. पट्टा नीट धर."

तिला रडू फुटलं. जिंकून रडणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

त्यानंतर दोन वर्षं तो लेकीला सामान पोहोचवायचा. परवा सकाळी खांद्यावर पाइप घेऊन आमच्या दारावरून गेला. "मावशी, काही गळतंय का?" नेहमीसारखं विचारलं. नाही म्हटलं. लेकीच्या कामावर पाइप उतरवला, तिला म्हणाला, "मोजून घे." आणि घरी जाऊन पडला तो उठलाच नाही. पाइप तिनं मोजला होता. बरोबर होता.