कॉलरची तिसरी मशीन

अमरावतीच्या एमआयडीसीतल्या शर्टांच्या कारखान्यात मी एका लाईनची सुपरवायझर आहे. मागच्या वर्षी टार्गेट दिवसाला सहाशे शर्टांवर गेलं. जेवणा-चहाच्या सुट्या वजा जाता शिफ्टचे साडेसात तास, म्हणजे पाऊण मिनिटाला एक शर्ट निघायला पाहिजे. कॉलर बसवायला किती वेळ लागतो, त्याला पाऊण मिनिटानं भागायचं, की त्या कामाला किती बाया लागतात ते कळतं. सोपं आहे, डोंबल!

कारखान्याचा इंजिनिअर घड्याळ घेऊन आमच्या तीन कॉलरवाल्यांपैकी एकीच्या मागे उभा राहिला. रिद्धपूरकडून येणारी, हाताची चलाख बाई. तिनं दीड मिनिटात कॉलर बसवली. दीड मिनिट म्हणजे दोन बाया. तिसरीला उचलून कफवर बसवलं.

पण बॉबिन संपते, बंडल सोडावं लागतं, कॉलर वाकडी गेली तर उसवावी लागते. दिवसभराचं धरलं तर पावणेदोन मिनिटं सहज जातात. दोघींकडून पाचशेच्या थोडे वर शर्ट निघायचे, बाकीचे शिफ्ट संपल्यावर. आणि या रिद्धपूरवालीची शेवटची एसटी निघून जायची. घरी पोरगी एकटी. बाई दोनदा रडली माझ्यापाशी.

मी इंजिनिअरच्या मागे लागून पुन्हा मोजायला लावलं. तिला आधीच बजावलं, "रोज करतेस तसंच कर, बाई. उगा पळू नको."

इंजिनिअर पोरगा घड्याळ घेऊन उभा राहिला, अन् हिचे हात सुसाट सुटले! दीड मिनिटाच्याही आत! ना बॉबिन संपली, ना धागा तुटला. तो माझ्याकडे बघून हसला. मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"काय करू ताई," ती नंतर म्हणाली, "कोनी पाहून राहिलं का मले हळू करताच येत नाही."

मग मीच बसायला लागले कॉलरच्या रिकाम्या तिसऱ्या मशीनवर. रोज दोन-अडीच तास, लाईन सांभाळून. पाठीचा पार भुगा झाला. पण सहाशे वेळेत निघायला लागले आणि तिला एसटी मिळायला लागली.

गेल्या आठवड्यात आमच्याच कंपनीच्या अकोल्याच्या युनिटातून तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. आमचा आकडा बघून तिच्याकडेही कॉलरवर दोघीच ठेवल्या होत्या.

"ताई, तुमच्या दोघी सहाशे काढतात. आमच्याच बायांले काहून जमत नाही? पार रडकुंडीले आल्या."

"दोघी नाहीत गं," मी म्हटलं. "तिसरी मी बसते."

फोनवर तिच्या मागे मशीनींचा आवाज येत होता.

"मंग इथं मी बसू काय?" तिनं विचारलं.