ज्याचा पॉइंट, त्याची वायर

रघुनंदनअण्णा बँकेतून निवृत्त झाले, पण कारकुनी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरमागच्या त्यांच्या जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. भाडं घेताना ते नोट उजेडात धरून पाहतात, आणि मग माझ्याकडेही तसंच पाहतात.

घर दोघा भावांचं. पुढचा भाग धाकट्या नरसिंहरावांचा, मागचा अण्णांचा. मीटर पुढच्या व्हरांड्यात. वायरिंग वडिलांच्या काळातलं, भिंतीवर लाकडी पट्टीतून फिरणारं, अर्थिंगचा पत्ता नाही. गेल्या पावसाळ्यात मागच्या बोर्डातून धूर निघाला, तेव्हा सगळं नव्यानं करायचं ठरलं.

या कामावर एकट्या अहल्याअक्कांचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, जीव अडकला होता. लेकीनं पाठवलेली इंडक्शन शेगडी दोन वर्षं खोक्यातच होती, कारण जुन्या वायरवर ती लावली तर घरच पेटलं असतं. त्यांना स्वयंपाकघरात एक जाड लाइनचा प्लग हवा होता. बाकी काही नाही.

चंद्रप्पा मिस्त्री आला. दिवा, पंखा, प्लग, प्रत्येक जागेचा एक पॉइंट, मजुरी पॉइंटमागे. वायर, स्विच, पाइप यांचा खर्च वेगळा. नरसिंहराव म्हणाले, एकूण काय होईल ते निम्मं निम्मं करू. सरळ माणसाला सुचणारी ही गोष्ट. अण्णांना ती अर्थातच खटकली. पुढे दोन एसी, पुढे जास्त दिवे. धाकट्याच्या थंडाव्याचे पैसे थोरल्यानं का भरावेत?

"ज्याचा पॉइंट, त्याचा खर्च," अण्णा म्हणाले. "आणि वायरही ज्याची त्यानं द्यायची. हिशोब म्हणजे हिशोब."

नरसिंहरावांनी मान हलवली. भावाशी वाद घालणं त्यांनी फार पूर्वीच सोडलंय.

मग अण्णांनी आपल्या भागात जी कत्तल केली ती बघण्यासारखी होती. देवघराचा दिवा गेला, समईला काय झालंय. न्हाणीघर आणि संडास यांच्यामध्ये एकच दिवा, भिंतीवरून उजेड जाईल तेवढा जाईल. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा गेला, म्हणजे पाहुणेही जातील. हे सगळं ते विजयी मुद्रेनं करत होते. पॉइंट कमी म्हणजे वायर कमी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आयुष्यभर व्याज मोजलेल्या या माणसानं घराची लांबी कधी मोजली नव्हती.

चंद्रप्पानं टेप धरली. मीटरशेजारच्या पेटीतून वायर निघणार, चौदा फूट उंच भिंत चढणार, नरसिंहरावांचा सगळा हॉल आणि बोळ ओलांडून मागे येणार आणि पुन्हा खाली उतरणार. दिवे-पंखे एकाच लाइनवर जमतात, पण शेगडी आणि गीझर यांना पेटीपासून स्वतंत्र जाड लाइन, आणि प्रत्येक लाइनमध्ये तीन वायरी: फेज, न्यूट्रल, अर्थ. न्हाणीघर तीस मीटरवर. म्हणजे एकट्या गीझरला नव्वद मीटर, जाड वायरचं एक अख्खं बंडल.

अण्णांनी चिकपेटमधल्या दुकानात फोन लावून भाव विचारला. मग खुर्चीत बसले.

"स्वल्प, थोडं बघ ना, चंद्रप्पा. हॉलमधली वायर तर नरसिंहाच्या भिंतीवर आहे."

"भिंत त्यांची, अण्णा. करंट तुमचा."

पुढच्या भागात एसी होते, पण पेटीपासून चार पावलांवर. अण्णांच्या वाट्याला आलेला आकडा निम्म्यापेक्षा बराच जास्त होता. त्यांनी निम्म्या-निम्म्याचा विषय पुन्हा काढला. भावाभावांत कसला हिशोब, असंही म्हणाले. नरसिंहराव पेपर वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "नियम तुझाच आहे."

तेव्हा अण्णांनी उरलेल्यातलं सर्वांत महागडं काय ते पाहिलं आणि स्वयंपाकघराचा प्लग खोडला. गीझर ठेवला. गॅस आहे ना, ते म्हणाले. अक्का भात चढवून बाहेर आल्या आणि शिडीवरच्या चंद्रप्पाला कन्नडमध्ये विचारलं, न्हाणीघराच्या आधी स्वयंपाकघर लागतं ना?

लागतं, तो म्हणाला.

"मग गीझरची लाइन तिथंच थांबव. पॉइंट एकच राहतो, वायर किती वाचते?"

"चार चार मीटर, अक्का. तिन्ही मिळून बारा."

अक्का नवऱ्याकडे वळल्या. "बारा मीटर वाचले. सरी ना, बरोबर ना?"

ज्या माणसानं समईपासून पाहुण्यांपर्यंत सगळं वायरीवर तोललं, तो बारा मीटर नको कसं म्हणणार? अण्णांनी मान डोलावली, तीही कंजूषपणे.

आता अक्कांची शेगडी चालते. अण्णा महाराष्ट्र मंडळातल्या चार लोकांना सांगत असतात, की गार पाण्यानं अंघोळ केली की रक्ताभिसरण सुधारतं आणि हे गीझर वगैरे थेरं आपल्याकडे नव्हतीच मुळी. डिसेंबरातल्या बेंगळुरूत सहा वाजता न्हाणीघरातून त्यांचे श्लोक ऐकू येतात. पूर्वी ते इतक्या वेगानं म्हणत नसत.