काळे फोटो

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अडकलेल्या लोकांना धीर देतात, पण स्वतःचा पाय काही एका जागी ठरत नाही. संध्याकाळी आले की अर्धा चहा टाकून गच्चीवर. तिथे हातभर दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा आणि ताऱ्यांच्या चालीनं दोघांना फिरवणारी मोटर. तीन हिवाळे एकच ध्यास, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या कडेचे फिकट पंख. मधला उजळ भाग कुणालाही मिळतो म्हणे.

"एका फोटोत पंख दाणेदार खरखरीत बुडून जातात," ते मला ऐकवायचे. "पण खरखर दर फोटोत वेगळी पडते, पंख तिथेच असतात. शेकडो फोटो एकावर एक बसवून सरासरी काढली की खरखर विरते."

यंदा चार थंड संध्याकाळी वीस-वीस सेकंदांचे अडीचशे फोटो झाले. पाचव्या दिवशी समोरच्या नव्या इमारतीचे दिवे लागले आणि आकाश दुधाळ झालं. आता या गच्चीवरून पुन्हा संधी नव्हती. लॅपटॉप महिनाभर दुरुस्तीला होता, म्हणून सगळे फोटो कॅमेऱ्यातच राहिले.

आणि मी शहाणी! भाचीच्या बक्षीस समारंभाला तोच कॅमेरा नेला. जागा नव्हती, म्हणून चाळीसेक काळे फोटो पुसले. घरी आल्यावर धास्ती वाटली, कारण त्यांचे सगळेच फोटो काळे दिसतात. दोन दिवस भाजीत मीठ पडलं की नाही तेही कळेना. मला माझाच राग येत होता.

लॅपटॉप आला. ते कार्ड घालणार, तोच मी म्हणाले, "अहो, मी त्यातले काही फोटो पुसलेत."

त्यांचा हात थांबला. "कुठले?"

"काळे."

"अगं, सगळेच काळे आहेत."

"ज्यांत एकही ठिपका नव्हता, ते. मोठा करून पाहिला एकेक."

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "ते झाकण लावून काढलेले होते. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग त्यांत उमटतात, ते नंतर वजा करायचे. पुन्हा काढता येतील, पण तेवढ्याच थंडीत; गरमीत डाग वाढतात."

बाहेर तर पंखा लावायचे दिवस आले होते. ते तीनदा गच्चीवर जाऊन आले, मग फ्रिजसमोर उभे राहिले. "दूध बाहेर काढ."

कॅमेरा पिशवीत गुंडाळून, झाकण लावून दुधाच्या जागी गेला. गार झाल्यावर आत वीस-वीस सेकंदांनी खट्-खट् सुरू झालं, आणि बाहेर आमच्या दोघांच्या येरझाऱ्या.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर फोटो एकावर एक बसले. आधी राखाडी चिखल. मग त्यांनी फिकट भाग हळूहळू उजळत नेला आणि दोन्ही बाजूंना पंख उघडले.

त्यांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "किती फोटो पाहिलेस तू मोठे करून?"

"सगळे. चुकून तुमचा तारा जायला नको म्हणून."

 त्या संध्याकाळी ते चहा पूर्ण प्यायले.