परेशने खोडलेले शंभर

आमच्या अकरावीत परेशचं नाकातलं पालुपद ठरलेलं, ‘तसं नसतंऽऽ गं!’ त्याची हुबेहूब नक्कल ही माझी खासियत. आज विज्ञान प्रदर्शनासाठी निवड होती, म्हणून समृद्धीबरोबर केलेला बॉइलचा प्रयोग वाचायला तोच ऐटीत उठला.

‘तापमान बदलू नये म्हणून सिरिंज सावकाश दाबली. हवा साठ मिली, मापकावर दाब शून्य, गुणाकार शून्य. पन्नासला वीस किलोपास्कल, गुणाकार हजार. चाळीसला पन्नास, दोन हजार.’

‘दाब आणि आकारमानाचा गुणाकार दर वेळी सारखा यायला हवा ना?’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि दाब शून्य? मग आपण श्वास कसला घेतोय, बाळा?’

वर्ग खिदळला. परेशचे कान लाल. बाहेरच्या हवेच्या दाबाचे शंभर प्रत्येक दाबात मिळवले, तर तिन्ही गुणाकार सहा हजार!

‘मॅडम,’ तो पुटपुटला, ‘समृद्धीनं मिळवले होते. मीच खोडले. तिलाच पाठवा.’

नाकातला सूर कुठेच नव्हता. मलाही नक्कल जमेना.