जागची न हललेली रेषा

प्रयोगशाळेत मुलांना पहिल्या दिवशी सांगायचं वाक्य विरूपाक्ष सरांनी तीस वर्षं बदललं नव्हतं. "आधी सगळ्यात ठळक रेषा पकडा. ती हातात आली की बाकीच्या आपोआप येतात." पाऱ्याचा दिवा असो की सोडियमचा, प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या वर्णपटमापीसमोर बसलेलं पोर एकदा ठळक रेषेवर स्थिरावलं की पुढचा प्रयोग सुरळीत होई. लुंबिनी त्या पोरांपैकीच एक. नांदेडच्या त्याच महाविद्यालयात ती एमएस्सी झाली, तिथंच तासिकांवर शिकवू लागली, आणि सरांच्याच हाताखाली पीएचडीला बसली.

तिचं घर हिमायतनगरजवळच्या खेड्यात. वडील नरसिंगराव किनवटच्या एका आश्रमशाळेत शिपाई होते, आता घरी असतात. लेक दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास करते, हे त्यांना सांगता येत नसे. ते गावात म्हणत, "पोरगी ताऱ्यांचं मोजमाप करून राहिली." कुणी विचारलं, मोजून काय होतं, तर म्हणत, "नोकरी होते, आणखी काय!"

ती नोकरी आता समोर दिसत होती. लातूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राची कायम जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत होती. लुंबिनीचा पहिला शोधनिबंध, सोबत सरांचंही नाव असलेला, एका नियतकालिकानं नुकताच स्वीकारला होता, छापून यायचा होता, आणि बाकीच्या उमेदवारांपुढे तिच्याजवळ वेगळं असं तेवढंच होतं.

निबंधातली गोष्ट साधी होती. दीर्घिकांचा एक समूह साधारण बारा हजार किलोमीटर दर सेकंदाला या वेगानं आपल्यापासून दूर जातो आहे. त्याच्या ऐन मध्यावर एक मोठी, म्हातारी दीर्घिका दिसते. तिच्या नावापुढं कुणी वेग लिहिलेला नव्हता. लुंबिनीनं उपलब्ध वर्णपट घेतला, त्यातली एकमेव टोकदार, झळझळीत रेषा पकडली. ती पाचशे सत्तावन्न दशांश सात नॅनोमीटरवर होती. ती ऑक्सिजनची, मूळची पाचशे दशांश सातची, असं तिनं धरलं. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या रेषा लांब तरंगलांबीकडं सरकतात; ही सरकली सत्तावन्न. त्याला मूळ तरंगलांबीनं भागलं, प्रकाशाच्या वेगानं गुणलं: चौतीस हजारांच्या वर. म्हणजे ही दीर्घिका समूहातली नाहीच. वेग जितका जास्त तितकी दूर, म्हणून ती फार मागची आहे, केवळ एका ओळीत आल्यानं मध्यभागी भासते. ऑक्सिजनच्या या रेषेला नेहमी एक फिकट जोडीदारीण असते, ती शेजारी दिसायला हवी होती. ती नोंदीतल्या गोंगाटात बुडाली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं होतं.

शुक्रवारी दुपारी एमएस्सीच्या मुलींचं प्रात्यक्षिक होतं. लुंबिनीनं प्रत्येकीला आकाशाच्या वेगवेगळ्या भागातल्या दीर्घिकेचा वर्णपट दिला होता.

"सूत्र लिहा आधी," ती म्हणाली. "आणि हे कुठं चालतं?"

"वेग प्रकाशाच्या मानानं लहान असंल तिथं," शिल्पा म्हणाली. "न्हाई तर एखादी दीर्घिका प्रकाशाच्या पुढं पळवताल, म्हणून ओरडता तुम्ही."

मुली हसल्या. थोड्या वेळानं पुनम खुर्ची मागं सारून उठली.

"मॅडम, लई भारी! माझं उत्तर तुमच्या निबंधातल्यासारखंच आलं. चौतीस हजार एकशे पन्नास."

"जवळपास असेल," लुंबिनी म्हणाली.

"जवळपास न्हाई हो, अगदी तेच. या, बघा की."

लुंबिनी तिच्या पडद्यापाशी गेली. आकाशाच्या दुसऱ्याच टोकाची दीर्घिका. वर्णपटात तीच टोकदार रेषा. पाचशे सत्तावन्न दशांश सात.

दोन दीर्घिका दोन दिशांना, आणि वेग मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत एक. असं कसं होईल? कुठूनही येणाऱ्या प्रकाशात जी रेषा एकाच जागी उभी असते, ती दूरची नसते. ती इथलीच असते. आपल्या डोक्यावरच्या हवेतला ऑक्सिजन सूर्य गेल्यावरही मंद हिरवा उजळत राहतो, आणि दुर्बिणीत दीर्घिकेच्या प्रकाशासोबत उतरतो. तो उजेड वजा करतात, तरी कधीकधी त्याचं टोक मागं उरतं. तेवढं तिला ठाऊक होतं. पण रेषा फार ठळक होती.

"मॅडम, बरोबर हाय ना? सही करताव?" पुनमनं विचारलं.

"थांब जरा."

ती आपल्या टेबलाशी आली, आपला वर्णपट उघडला आणि या वेळी उजेड सोडून काळोख पाहू लागली. म्हाताऱ्या दीर्घिकेत चकाकतं काही नसतं, तिच्या रेषा काळ्या, दबलेल्या असतात. कॅल्शियमची जोडी, आणि उजवीकडं सोडियमचा अंधुक खड्डा. कॅल्शियमची एक रेषा तीनशे त्र्याण्णव दशांश चारची चारशे नऊ दशांश एकवर सरकलेली. सोडियमची पाचशे एकोणनव्वद दशांश तीनची सहाशे बारा दशांश नऊवर. एक जवळपास सोळा सरकली, दुसरी चोवीसच्या आसपास. पण जिच्या तिच्या मूळ तरंगलांबीनं भागलं की दोन्हीकडं शंभराला चार. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे हा बारा हजार. दीर्घिका समूहातलीच होती. तिनंच तिला बाहेर काढलं होतं.

तिनं पुनमला जवळ बोलावलं. "चूक आहे. तुझी नाही, माझी. ही रेषा आपल्या हवेची आहे. सगळ्याजणी काळ्या रेषा शोधा. कमीत कमी दोन, आणि दोन्हींचं गुणोत्तर जुळलं तरच वेग काढा."

"म्हणजे तुमचा निबंध...?" शिल्पा बोलता बोलता थांबली. कुणी हसलं नाही.

विरूपाक्ष सर आपल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते. मे महिन्यात निवृत्ती होती. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा काढला.

"ठळक रेषा पकड, हे मीच शिकवलं तुला," ते म्हणाले. "दिव्यांच्या खोलीत जन्म गेला माझा. दिव्यापुढं हवेच्या उजेडाचं काय चालतंय!" मग खाली बघत म्हणाले, "बाई, सोमवार होऊ दे. मंगळवारी निबंध मागे घेऊ. चार दिवसांनी कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचंच बिघडणार नव्हतं, हे तिलाही पटत होतं. ती दारापाशी आली. पलीकडं प्रयोगशाळेत मुली आपली उत्तरं खोडत होत्या, पुनम कुणाला तरी म्हणत होती, "अगं, मॅडमनंच सांगितलं ना चूक हाय म्हणून."

"सर, पोरींना खोडायला लावून आले मी," ती म्हणाली.

सरांनी होकारार्थी मान हलवली. निबंध मागे घेत असल्याचं, संपादकाला दोघांच्या नावानं पत्र तिनं तिथंच बसून लिहिलं.

लातूरला मुलाखत लवकर आटोपली.

"शोधनिबंध?"

"एक होता. मागे घेतला."

"का बरं?"

"वेग चुकला होता."

समोरच्या गृहस्थांनी सहृदयपणे मान डोलावली आणि पुढच्या उमेदवाराचा कागद वर घेतला.

निवड दुसऱ्याची झाल्याचं कळलं, तेव्हा ती नांदेडलाच होती. सरांच्या खोलीला कुलूप होतं. दुरुस्त केलेला निबंध कुणी छापणार नव्हतं. दीर्घिका समूहात आहे, यात बातमी ती काय? तिनं वडिलांना फोन लावला. चुकीचं त्यांना आधीच सांगून झालं होतं.

"जयभीम बाबा. लातूरचं झालं नाही."

नरसिंगरावांनी विचारलं,

"ते मोजायला चुकलेलं, त्याच्यापायी का?"

"हाव."

"आता नीट मोजलं का?"

"मोजलं. ती दीर्घिका एकटी नव्हती, बाबा. आपल्या घोळक्यातच होती."

"घोळक्यात हाय ना? मग बरं झालं," नरसिंगराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आन् तू गं?"

"मी इथंच. जूनला तासिका मिळाल्या, तर."

त्यांनी 'हाव' म्हटलं की नाही, तिला नीट ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि पुढच्या वर्गासाठी सोडियमचा दिवा लावला. तो तापून पिवळा व्हायला वेळ घेतो. ती वाट पाहत बसून राहिली.